१९.५ व्होल्टचा लॅपटॉप आणि सरकत्या स्विचचा युनिव्हर्सल ॲडाप्टर

प्रश्न: माझ्या लॅपटॉपचा मूळ ॲडाप्टर बंद पडला. त्यावर १९.५ व्होल्ट, ३.३३ ॲम्पियर असे लिहिलेले होते. बाजारातून आठ टोकांचा स्वस्त युनिव्हर्सल ॲडाप्टर आणला. त्याच्या स्विचवर १२, १५, १६, १८, १९, २० आणि २४ हे आकडे आहेत, १९.५ नाहीच. स्विच कुठे ठेवू? शिवाय काल स्विच २४ वर असतानाच भावाने तो काही क्षण लॅपटॉपला लावला. लॅपटॉप तेव्हा बंद होता. काही बिघडले असेल का?

उत्तर: स्विच १९ वर ठेवावा. मात्र लॅपटॉपला जोडण्याआधी त्या खुणेवर प्रत्यक्षात किती व्होल्ट मिळतात ते मल्टिमीटरने मोजून घ्यावे, कारण अशा ॲडाप्टरवर छापलेला आकडा म्हणजे निर्मात्याचा दावा असतो, मोजमाप नव्हे. भावाने केलेल्या जोडणीबद्दल शेवटी लिहितो. तोवर तो ॲडाप्टर लॅपटॉपला पुन्हा लावू नये.

लॅपटॉपला नेमके १९ किंवा १९.५ व्होल्ट का लागतात हे आधी समजून घेतले, तर कोणत्या बाजूची चूक किती महागात पडते ते आपोआप कळते. लिथियमचा एक सेल पूर्ण भरला की साधारण ४.२ व्होल्ट देतो. पूर्वी बहुतेक लॅपटॉपच्या बॅटरीत असे तीन किंवा चार सेल एकापुढे एक जोडलेले असत. चार सेलची बॅटरी भरते तेव्हा तिचे व्होल्टेज १६.८ असते. आतले चार्जिंगचे सर्किट व्होल्टेज फक्त खाली उतरवू शकते, वर चढवू शकत नाही. म्हणून बाहेरून येणारे व्होल्टेज १६.८ पेक्षा दोन-तीन व्होल्टने जास्त ठेवावे लागते आणि त्यातूनच १९ चा आकडा रूढ झाला. आज बॅटरी तीन सेलची असली तरी तो कायम राहिला आहे. एसर आणि आसुस १९ लिहितात, डेल आणि एचपी १९.५, तर लेनोवो २०. हे आकडे वेगळे दिसले तरी ॲडाप्टरच्या व्होल्टेजमध्ये पाच टक्क्यांचा फरक सहसा गृहीत धरलेला असतो. १९.५ च्या पाच टक्के खाली १८.५ आणि पाच टक्के वर सुमारे २०.५ येतात, म्हणजे १९ आणि २० या तुमच्या दोन्ही खुणा त्या मर्यादेत बसतात. मी १९ सुचवतो, कारण स्वस्त ॲडाप्टर रिकामा, म्हणजे त्याला काही जोडलेले नसताना, छापील आकड्यापेक्षा थोडे जास्तच देतो आणि २० च्या खुणेवर २०.८ मिळाल्याचे मी पाहिले आहे.

स्विच चुकून खालच्या आकड्यावर राहिला तर सहसा लॅपटॉपचे नुकसान होत नाही, तो चार्जच होत नाही. याचे कारण जॅकपासून काही सेंटिमीटरवर असलेल्या, चार्जिंग सांभाळणाऱ्या चिपमध्ये, म्हणजे चार्जर आयसीत आहे. जॅकवर आलेले व्होल्टेज दोन रेझिस्टरांच्या जोडीतून कमी करून या आयसीच्या एका पायावर दिले जाते आणि ते ठरलेल्या पातळीच्या वर असेल तरच आयसी पुढचा दरवाजा उघडतो. तो दरवाजा म्हणजे पाठीला पाठ लावून बसवलेल्या दोन मॉस्फेटांची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचांची, जोडी. अनेक लॅपटॉपांत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ज्या घराण्याचा आयसी असतो, त्याच्या त्या पायावर २.४ व्होल्ट आले की ‘ॲडाप्टर आला’ असे ठरते आणि ३.१५ च्या वर गेले की ‘व्होल्टेज जास्त आहे’ असे ठरून दरवाजा बंद होतो. रेझिस्टर ४३० आणि ६६.५ किलो-ओहमचे असतील तर जॅकवरचे व्होल्टेज सुमारे साडेसातपट कमी होऊन त्या पायावर येते. हिशेब केला तर अशा लॅपटॉपला जॅकवर सुमारे १७.९ पासून २३.५ व्होल्टपर्यंत मान्य आहे. म्हणून स्विच १६ वर असेल तर तो ॲडाप्टर लागल्याची दखलच घेत नाही आणि वापरणाऱ्याला वाटते की ॲडाप्टर बिघडलेला निघाला. मग तो स्विच एकेक खूण वर सरकवत जातो. मी पाहिलेल्या बऱ्याच नुकसानींची सुरुवात इथेच झालेली आहे, कारण टोक सैल बसल्यामुळे किंवा मधली पिन न जुळल्यामुळे चार्जिंग होत नसले, तरी माणसाचा हात जातो स्विचकडेच.

आता वरच्या बाजूची चूक पाहू. वरचा हिशेब वाचून असे वाटेल की २४ व्होल्ट लावले तरी आयसी दरवाजा बंद ठेवील आणि लॅपटॉप वाचेल. पुष्कळ वेळा तसे होतेही. मात्र दरवाजाच्या अलीकडे, थेट जॅकवर, काही भाग कायम जोडलेले असतात: एक-दोन सिरॅमिक कपॅसिटर, कधी एखादा संरक्षक डायोड आणि स्वतः तो पहिला मॉस्फेट. लॅपटॉप बंद आहे की चालू, याच्याशी त्यांचा संबंध नसतो. या जागी २५ व्होल्टचे कपॅसिटर आणि ३० व्होल्टचे मॉस्फेट सर्रास आढळतात. १९.५ साठी ही निवड योग्य आहे. २४ लागले की मोकळी जागा उरत नाही. त्यातही खरा घात स्थिर २४ व्होल्टने होत नाही, जोडणीच्या क्षणी होतो. चालू ॲडाप्टरचे टोक जॅकमध्ये शिरते तेव्हा दीड-दोन मीटर वायरचे इंडक्टन्स आणि रिकामा सिरॅमिक कपॅसिटर मिळून व्होल्टेजला एक उसळी देतात. ती काही मायक्रोसेकंद टिकते, पण कोणताही अटकाव नसेल तर मूळ व्होल्टेजच्या जवळजवळ दुपटीपर्यंत जाऊ शकते. निर्माता १९.५ ची उसळी किती येईल ते पाहून तिला आवरणारे भाग बसवतो. २४ ची उसळी त्या हिशेबात नसते. सिरॅमिक कपॅसिटर मरतो तो बहुधा आतून शॉर्ट होऊन, त्यामुळे त्यानंतर कोणताही ॲडाप्टर लावला तरी त्याचा दिवा विझतो.

बारा व्होल्टच्या छोट्या लॅपटॉपांना तर एवढेही संरक्षण नसते. आसुसच्या जुन्या ‘ई पीसी’ मालिकेतील काही लॅपटॉप बारा व्होल्टचे होते आणि आज मिळणारे काही स्वस्त, हलके लॅपटॉपही १२ व्होल्ट, २ ॲम्पियरच्या ॲडाप्टरवर चालतात. युनिव्हर्सल ॲडाप्टर एकदा घरात आला की मोठ्या भावाच्या लॅपटॉपसाठी १९ वर ठेवलेला तो धाकट्याच्या बारा व्होल्टच्या लॅपटॉपला, मॉनिटरला किंवा राउटरलाही लावला जातो. टोक बसले की माणसाला वाटते सगळे जुळले. टोकाचा व्यास आणि व्होल्टेज यांचे काहीच नाते नाही: बाहेरून ५.५ मिलिमीटरचे तेच टोक बारा व्होल्टच्या राउटरवरही असते आणि १९ व्होल्टच्या लॅपटॉपवरही.

स्विच सरकवल्यावर आत नेमके काय होते, ते एका दुरुस्तीतून सांगतो. एका शिक्षिकेने लॅपटॉप आणि ॲडाप्टर दोन्ही आणून ठेवले. ॲडाप्टर वर्षभर १९ वरच होता, स्विचला कधी हातही लावला नाही, असे त्या ठामपणे सांगत होत्या. लॅपटॉपमध्ये जॅकजवळचा २५ व्होल्टचा एक कपॅसिटर शॉर्ट होता, आणि मला पहिल्यांदा बाईंच्या सांगण्यावर विश्वास बसला नाही. ॲडाप्टर मीटरला लावला तर १९.३ व्होल्ट दिसले, म्हणजे सगळे ठीक. मग सहज स्विचच्या खुंटीवर बोट दाबले आणि आकडा २३.९ वर गेला. बोट काढले की पुन्हा १९.३.

ॲडाप्टर उघडल्यावर उलगडा झाला. अशा ॲडाप्टरमध्ये टीएल४३१ नावाचा छोटा तीन पायांचा भाग बाहेर जाणाऱ्या व्होल्टेजवर लक्ष ठेवतो. वरचा आणि खालचा अशा दोन रेझिस्टरांतून त्याच्याकडे व्होल्टेजचा एक हिस्सा जातो आणि तो हिस्सा बरोबर २.५ व्होल्ट राहील अशा बेताने पूर्ण ॲडाप्टर चालतो. या ॲडाप्टरमध्ये खालचा रेझिस्टर १ किलो-ओहमचा आणि वरचा ८.६ किलो-ओहमचा होता. त्यावरून बाहेरचे व्होल्टेज २.५ गुणिले ९.६, म्हणजे २४ येते. १९ च्या खुणेवर स्विच वरच्या रेझिस्टरला समांतर असा सुमारे २८ किलो-ओहमचा आणखी एक रेझिस्टर जोडत होता, त्यामुळे वरची बाजू ६.६ किलो-ओहमवर येऊन व्होल्टेज १९ होत होते. याचा अर्थ असा की स्विचचा संपर्क क्षणभर जरी सुटला तरी तो जोड-रेझिस्टर बाजूला पडतो आणि ॲडाप्टर आपला कमाल आकडा, २४, बाहेर टाकतो. स्विचच्या पट्ट्या काळ्या पडल्या होत्या, आणि ॲडाप्टर बॅगेत दाबला जाऊन खुंटी हलकीच सरकत होती. बाईंचे म्हणणे शब्दशः खरे होते. जॅकजवळचे दोन्ही कपॅसिटर बदलून ५० व्होल्टचे बसवले आणि लॅपटॉप चालू झाला. मॉस्फेट आणि चार्जर आयसी सुदैवाने वाचले होते.

हीच रचना उलट बाजूनेही करता येते. जोड-रेझिस्टर खालच्या बाजूला समांतर जोडले, तर संपर्क सुटल्यावर व्होल्टेज सर्वांत खालच्या आकड्यावर, म्हणजे १२ वर उतरते आणि लॅपटॉप फक्त चार्ज होणे थांबवतो. दोन्ही प्रकारांचा खर्च जवळजवळ सारखाच असतो, आणि म्हणून पहिल्या प्रकारचे ॲडाप्टर पाहिले की मला चीड येते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, तरी आपला ॲडाप्टर कोणत्या प्रकारचा हे न उघडता बहुधा ओळखता येते. लॅपटॉप दूर ठेवून ॲडाप्टर फक्त मीटरला जोडावा आणि खुंटी १८ वरून १९ कडे सावकाश सरकवत दोन खुणांच्या मधोमध थांबवावी. तिथे आकडा १२ कडे घसरला तर रचना सुरक्षित आहे. २४ कडे झेपावला तर तो ॲडाप्टर लॅपटॉपसाठी वापरूच नये असे माझे मत आहे. काही स्विच पुढचा संपर्क जुळल्यावरच मागचा सोडतात आणि मग मधोमध काहीच दिसत नाही. अशा वेळी खुंटी दाबून, हलवून आकडा डगमगतो का एवढे तरी पाहावे.

मोजताना एक बारीक अडचण येते. घरोघरी असलेल्या स्वस्त पिवळ्या मल्टिमीटरमध्ये डीसीची २० व्होल्टची श्रेणी १९.९९ लाच संपते आणि त्यापुढे पडद्यावर नुसता १ दिसतो. म्हणून २०० व्होल्टची श्रेणी निवडावी. दशांशाचा एकच आकडा मिळतो, पण तो या कामाला पुरतो. लाल टोक आतल्या भागाला आणि काळे बाहेरच्या नळीला लावावे. आकड्यापुढे उणे चिन्ह आले तर ध्रुवता उलटी आहे. काही संचांत सुट्टे टोक वायरच्या दोन-पिनी जोडात दोन्ही बाजूंनी बसते, आणि तसे असेल तर बरोबर बाजू सापडल्यावर टोक आणि जोड यांवर मिळून चिकटपट्टीची खूण करून ठेवावी. लॅपटॉपांत जवळजवळ नेहमी आतला भाग धन असतो, तरी मूळ ॲडाप्टरवरची वर्तुळाची आकृती पाहून खात्री करावी.

तुमचे १९.५ व्होल्ट आणि ३.३३ ॲम्पियर हे आकडे पाहता लॅपटॉप बहुधा एचपीचा आहे आणि मूळ टोक निळसर, बाहेरून ४.५ मिलिमीटरचे, मध्ये केसासारखी बारीक पिन असलेले असावे. त्या टोकात बाहेरची नळी ऋण, आतली नळी धन आणि मधली पिन ही ओळखीची असते. तिच्यावरून लॅपटॉप ॲडाप्टर किती वॉटचा आहे ते ठरवतो. मीटरचे जाड टोक आत घुसवले तर ती पिन वाकते, म्हणून टोक काढून मागच्या दोन-पिनी जोडावरच व्होल्टेज मोजावे. युनिव्हर्सल संचातील टोकात ही पिन नसेल किंवा नावापुरती असेल, तर व्होल्टेज अचूक असूनही लॅपटॉप बॅटरी चार्ज करायला नकार देऊ शकतो किंवा संथ चालतो. डेलमध्ये असेच झाले की सुरू होताना पडद्यावर `The AC power adapter wattage and type cannot be determined` असा संदेश येतो. या अडचणीवर व्होल्टेज वाढवणे हा उपाय नाही. ओळख पटलेली नसते, कितीही व्होल्ट दिले तरी ती पटणार नाही.

दुसरी तपासणी भार देऊन करावी लागते, कारण रिकाम्या ॲडाप्टरचा आकडा अर्धेच सांगतो. अशा ॲडाप्टरवरचे ‘९६ वॉट’ हे सहसा २४ व्होल्ट आणि ४ ॲम्पियर धरून लिहिलेले असते. १९ वर तोच ॲडाप्टर त्याच ४ ॲम्पियरला ७६ वॉट देतो. तुमच्या लॅपटॉपला ६५ लागतात, तेव्हा आकडा खरा असेल तर पुरेल. खरा आहे का हे पाहण्यासाठी मी मोटारीच्या इंडिकेटरचे १२ व्होल्ट, २१ वॉटचे चार बल्ब वापरतो: दोन-दोन एकापुढे एक जोडून दोन जोड्या करायच्या आणि त्या जोड्या समांतर लावायच्या. १९.५ व्होल्टला हे बल्ब मिळून सुमारे ३ ॲम्पियर घेतात, म्हणजे जवळजवळ लॅपटॉपइतकाच भार. थंड बल्ब क्षणभर खूप करंट ओढतात, त्यामुळे एक जोडी पेटल्यावरच दुसरी लावावी, नाहीतर चांगला ॲडाप्टरही बंद पडतो. बल्ब धातूच्या पत्र्यावर ठेवून अर्धा तास चालू द्यावेत. या वेळात व्होल्टेज १८.५ च्या खाली गेले नाही आणि ॲडाप्टरला हात लावून ठेवता आला, तर तो वापरण्याजोगा आहे. भार दिल्यावर आकडा १८.५ च्या खाली जात असेल तर स्विच २० वर घेऊन तीच तपासणी पुन्हा करावी, पण रिकाम्या अवस्थेत २०.५ च्या वर जाणारी खूण निवडू नये.

हे सगळे जमल्यावर खुंटीवर ग्लू गनच्या गोंदाचा एक थेंब टाकून ती जागीच पक्की करावी. दिसायला ओबडधोबड, पण मला माहीत असलेला हा सर्वांत स्वस्त विमा आहे. जोडताना क्रमही ठरलेला ठेवावा: भिंतीवरचे बटण बंद, आधी टोक लॅपटॉपमध्ये आणि मग बटण चालू. असे केल्याने ॲडाप्टर व्होल्टेज हळूहळू चढवतो आणि वर सांगितलेली उसळी येतच नाही.

आता भावाच्या जोडणीविषयी. लॅपटॉप आधी बॅटरीवर चालू करून पाहावा. बॅटरीवर चालला तर मुख्य बोर्ड शाबूत आहे आणि नुकसान असलेच तर ते जॅकजवळच्या भागापुरते आहे. नंतर ज्याचे व्होल्टेज खात्रीचे आहे असा ॲडाप्टर, शक्यतो ओळखीच्या कोणाचा त्याच जातीचा मूळ ॲडाप्टर, मिळवून लावावा. लॅपटॉपवरचा चार्जिंगचा दिवा लागला आणि टक्केवारी चढू लागली, तर काही बिघडलेले नाही. आयसीने दरवाजा उघडलाच नाही असे समजावे. ॲडाप्टरचा दिवा टोक घालताच विझला किंवा लुकलुकू लागला, तर दरवाजाच्या अलीकडचा एखादा कपॅसिटर किंवा मॉस्फेट शॉर्ट झाला आहे. पुन्हा पुन्हा लावून पाहू नये, कारण तो भाग तापून बोर्डाचा थर जाळतो. ॲडाप्टरचा दिवा शांत जळत राहिला पण लॅपटॉपला ॲडाप्टर लागल्याचे कळतच नसेल, तर फ्यूज, मॉस्फेट किंवा चार्जर आयसी यांपैकी काही तरी निकामी होऊन वीज पुढे जाण्याची वाट तुटली आहे. या दोन्ही बिघाडांत बोर्डावर काम करणारा कारागीर लागतो. त्याला ‘२४ व्होल्ट लागले होते’ हे स्पष्ट सांगावे. लपवले तर तो आधी जॅक आणि बॅटरी यांतच वेळ घालवील. जॅकजवळचे एक-दोन भाग बदलण्यासारखे हे काम असताना कोणी पूर्ण मदरबोर्ड बदलायला सांगितले, तर दुसऱ्याचेही मत घ्यावे.